‘पण’च्या आधी थांबलेलं भाषण

“ती बघ, डॉक्टरची पोरगी. मडमांच्या शाळेत शिकलीया. आज आपल्याला मराठीतनं सांगनार हाय म्हनं.”

“येतंय व्हय तिला मराठी?”

“बघू की आता.”

माझ्या पाठीमागे सतरंजीवर बसलेल्या दोघी बोलत होत्या. आवाजात वाईट काही नव्हतं. उन्हाळ्याच्या दुपारी बायका एकत्र बसल्या की जे सहज बोलतात, तेच. पण मी ते ऐकलं आणि त्या क्षणापासून माझी जीभ माझी राहिली नाही. तोंडातल्या तोंडात मी ‘भगिनींनो’ म्हणून पाहिलं. ‘भ’ बरोबर आला का? ‘न’ आणि ‘ण’? जन्मापासून बोलत आलेली माझी भाषा मी परक्या माणसासारखी तपासायला लागले.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. भवानी पेठेतल्या मुलींच्या शाळेच्या पडवीत गौर झोपाळ्यात बसवली होती, भोवती कलिंगडाची कमळं, कैऱ्या, बत्तासे अशी आरास होती. रविवार होता, मिलला सुट्टी होती, म्हणून पेठेतल्या मिलमध्ये जाणाऱ्या बायकाही आल्या होत्या. त्या याव्यात म्हणूनच महिला मंडळाने रविवार धरला होता. कारण त्या दिवशी बाळगोळीवर बोलायचं होतं.

बाळगोळी म्हणजे अफूची बारीक गोळी. मिलचा भोंगा व्हायच्या आधी आई ती बाळाच्या जिभेवर ठेवायची, वर दोन थेंब दूध, आणि कामाला जायची. बाळ दिवसभर पडून राहायचं. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, पेठेत दवाखाना चालवायचे आणि या गोळीवरून वर्षानुवर्षं बायकांना रागावत आले होते. रागावणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? बायका मान डोलवायच्या आणि घरी जाऊन गोळी द्यायच्या. तेव्हा मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना वाटलं, पुरुष डॉक्टरापेक्षा एखाद्या मुलीने बायकांत बसून सांगावं. आणि मी आयतीच घरी होते.

माझी आई मी लहान असतानाच गेली. अप्पांनी मला पुण्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत ठेवलं. मॅट्रिक होऊन मी परत आले ती कुणाशी फारसं न बोलणारी, सगळं बघणारी अशी मुलगी होऊन. दुपारी अप्पांना पट्ट्या गुंडाळून द्यायचे, पुड्या बांधायचे आणि पेशंटांकडे बघत राहायचे. गोळीवरची बाळं मी लांबून ओळखायला शिकले होते. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. आणि भूक लागलेली असूनही रडत नाहीत. ते शेवटचं मला सगळ्यात भयंकर वाटायचं.

असं एक बाळ आमच्याच वाड्याच्या मागच्या खोलीत होतं. त्याची आई करकंबची, नवऱ्याबरोबर मिलमध्ये कामाला आलेली. घरी सासू बाळ सांभाळायची. जाता येता मी त्या बाळाकडे बघायचे. त्याच्या आईला एक शब्द बोलणं मला जमलं नव्हतं. दारात उभी राहायचे आणि “ऊन फार आहे आज” असं काहीतरी म्हणून परत यायचे. भाषणाला मी ‘हो’ म्हटलं ते त्या बाळासाठी. एकीच्या तोंडावर जे सांगवत नाही ते शंभरजणींना सांगता येईल, असं मला खरंच वाटलं होतं. त्या शंभरात तीही असेल, आणि मला तिच्याकडे बघावं लागणार नाही.

तयारीत मी काही कमी ठेवलं नाही. शाळेत मदर आम्हाला वक्तृत्व शिकवायच्या. प्रत्येक वाक्याला हाताची एक हालचाल ठरलेली असायची. कुठे हात छातीशी, कुठे बाहेर, कुठे बोट वर. मी तसंच केलं. वादविवादाच्या तासाला त्यांनी आणखी एक शिकवलं होतं: आधी समोरच्याची बाजू मांडायची, त्याच्याहून चांगली मांडायची आणि मग उलटवायची. म्हणून माझं भाषण गोळीच्या बाजूने सुरू होत होतं. ‘बाळगोळी दिली की बाळ शांत झोपतं. आई निर्धास्तपणे कामाला जाते. घरात रडारड नाही, म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही.’ इथे उजवा हात छातीपासून झटकन बाहेर न्यायचा आणि म्हणायचं, ‘पण!’ त्या ‘पण’नंतर सगळं होतं. माडीवर दार लावून, भिंतीकडे तोंड करून मी ते इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

अध्यक्षीणबाई उठल्या. माझी ओळख करून देताना त्या थांबेचनात. शाळेत पहिली आलेली, इंग्रजीत बक्षिसं मिळवलेली, आपल्या पेठेचं भूषण. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. मला मात्र प्रत्येक वाक्यागणिक वाटत होतं, आता एवढ्या उंचीवरून पडायचं आहे. हात गार पडले. सोलापुरातल्या चैत्रात माझे हात गार पडले!  जीभ टाळूला चिकटली होती.

मी उभी राहिले आणि तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर ताम्हन धरलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला भिजवलेले हरभरे द्यायचे, हा रिवाज. मी कुमारिका, माझी ओटी भरायची नसते, पण हरभरे सगळ्यांनाच. बोलणाऱ्या मुलीचा मान म्हणून त्या बाईने चांगले ओंजळ भरून माझ्या पदरात घातले. मी दोन्ही हातांनी पदर धरला. ओले हरभरे जड असतात. खाली कुठे ठेवावेत, कुणाकडे द्यावेत, मला सुचलं नाही. गौरीचा प्रसाद, जमिनीवर कसा ठेवणार? पदर धरूनच मी बोलायला लागले.

“भगिनींनो,” मी म्हणाले. आवाज निघाला. “बाळगोळी दिली की बाळ शांत झोपतं.” समोरच्या बायका ऐकायला लागल्या. “आई निर्धास्तपणे कामाला जाते. घरात रडारड नाही, म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही.”

आणि माझा उजवा हात उठायला निघाला. पदर कलला, हरभरे घरंगळायला लागले, मी हात चटकन परत आवळला. हात थांबला आणि वाक्यही थांबलं.

त्या क्षणी डोक्यात काय झालं ते मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिलं आहे. डोकं रिकामं झालं होतं असं लोक म्हणतात. माझं रिकामं नव्हतं, गच्च भरलं होतं. मला माझा श्वास ऐकू येत होता. ओठाच्या कोपऱ्यावरचा घाम जाणवत होता. मागे बसलेल्या त्या दोघी आता पुढे आल्या आहेत का, असा विचारही आला. पुढचं वाक्य इंग्रजीत, सबंध, माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं, कारण मी विचार आधी इंग्रजीत केला होता. ते मी मागे ढकललं. ढकलण्यातच सगळी ताकद गेली. मराठी वाक्य शोधायला काही उरलंच नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मला दुसरा रस्ताच ठाऊक नव्हता. माळेसारखं पाठ केलेलं होतं, मधला मणी वेगळा उचलता येत नव्हता. “भगिनींनो, बाळगोळी दिली की बाळ शांत झोपतं...” आणि पुन्हा त्याच जागी येऊन थांबले. हात वर जायला निघे आणि अडे. तिसऱ्यांदा “भगिनींनो” म्हणाले तेव्हा कुणीतरी हसलं.

“पाणी द्या गं पोरीला.”

“उनाचं हुतंय असं.”

पाण्याचा पेला पुढे आला. तो घ्यायला मी हात सोडला आणि सगळे हरभरे पायाशी सांडले. पहिल्या रांगेतल्या बायका वाकून ते वेचायला लागल्या. वयाने माझ्या आईएवढ्या बायका माझ्या पायाशी वाकून हरभरे वेचत होत्या आणि मी ताठ उभी होते. त्यांत ती मागच्या खोलीतली बाळाची आईही होती. मूठभर हरभरे माझ्या हातात देत ती म्हणाली, “असू द्या ताई, व्हतंय असं.” तिच्या डाव्या मांडीवर बाळ झोपलं होतं. एवढ्या गलक्यात ते एकदाही हललं नव्हतं.

मग आंब्याची डाळ आणि पन्हं वाटलं. भाषणाबद्दल कुणी बोललं नाही. न बोलण्यात जी दया होती, ती मला हसण्यापेक्षा जास्त लागली.

घरी अप्पांनी विचारलं, “कसं झालं?” मी काही बोलायच्या आत काकू, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, म्हणाली, “छान बोलली.” काकू माझ्याशेजारीच बसली होती पडवीत. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी माडीवर गेले आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर पाणी भरताना मला त्या बाळाची आजी भेटली. मला बघून ती तोंड भरून हसली.

“ताई, लई ब्येस केलंत. मी येऊ शकले न्हाई, पर सुनंनं सांगितलं. डॉक्टरच्या घरनंच सांगितलं म्हनल्यावर आता भ्याव न्हाई. पोरगं रातच्याला किरकिर करतंय, कालधरनं रातच्यालाबी देतोय आमी गोळी.”

घागर माझ्या हातातून हौदाच्या काठावर आदळली.

तोपर्यंत मला वाटत होतं की मी काहीच बोलले नाही. तसं नव्हतं. मी बोलले होते. दोनदा बोलले होते. बाळगोळी दिली की बाळ शांत झोपतं, आई निर्धास्तपणे कामाला जाते. ‘पण’च्या पलीकडचं सगळं माझ्या पोटात राहिलं आणि अलीकडचं पेठभर गेलं. मदरांनी शिकवलेली युक्ती मी चोख वापरली होती. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडली होती.

“आजी, गोळी...” मी म्हणाले आणि पुढचं वाक्य पुन्हा गेलं. इथे शंभरजणी नव्हत्या. एक म्हातारी होती. तरी कालचा सगळा प्रकार माझ्याबरोबर हौदावर आला होता. तोंड उघडण्याआधीच मी अडणार का ते बघत होते आणि म्हणून अडलेच. “गोळी नका देऊ,” कशीबशी म्हणाले.

“आता गं! काल तर चांगली म्हनालात की.”

मी घागर उचलून आत आले आणि स्वयंपाकघरात काकूसमोर रडले. तिने अप्पांना सांगितलं. अप्पा तसेच उठून मागच्या खोलीत गेले, बाळ बघितलं, रात्रीची गोळी आजपासूनच बंद आणि सकाळची रोज थोडी थोडी कमी करत न्यायची, एकदम तोडायची नाही, नाहीतर बाळाला त्रास होईल, असं बजावून आले. आजीने मान डोलवली. संध्याकाळी ती हौदावर शेजारणीला सांगत होती, “बाप एक सांगतोय, लेक चारचौघीत दुसरं सांगती. डॉक्टरला काय, त्यो कायबी नगंच म्हनतोय.”

ते ऐकून काकू आत आली. कणीक मळत होती, हाताला पीठ होतं. “ऐकलंस? तू चारचौघींत बोललीस, तेव्हा चारचौघींतच ते फिरवावं लागणार. पुढच्या रविवारी आपल्याकडची गौर आहे. मी सगळ्यांना बोलावते.”

“मला जमणार नाही काकू.”

“बाळगोळी कशाची असते गं?”

“अफूची.”

“मग त्याने पोर झोपतं, चांगलं नाही का?”

“ती झोप नव्हे. झोपलेलं बाळ भुकेने जागं होतं. गोळीवरचं बाळ भूक लागली तरी जागं होत नाही. आईचं दूध तसंच राहतं, आटतं, बाळ वाळत जातं. आणि त्याचं पोट साफ होत नाही म्हणून ते फुगतं, आणि लोकांना वाटतं गुटगुटीत आहे...”

मी थांबले. काकू माझ्याकडे बघत होती. एकाही अक्षरावर अडखळले नव्हते. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

“आता ही परात धर,” ती म्हणाली, “आणि तुझं ते भाषण म्हण.”

दोन्ही हातांनी परात धरून मी सुरू केलं. ‘पण’पाशी आले आणि अडले. स्वयंपाकघरात, एकट्या काकूसमोर! परात खाली ठेवली, हात मोकळा केला, की वाक्य आलं. परात धरली की गेलं. काकूला हसू आवरेना. “अगं, भाषण तुझ्या तोंडाला येत नाही, दंडाला येतंय!” मीही हसले, त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. पण आतून शरम वाटत होती. आपण एवढ्या शिकलेल्या आणि आपलं ज्ञान एका हाताच्या झटक्याला टांगलेलं!

तो आठवडा मी बरंच निरखलं, मुख्यतः स्वतःलाच. मला जे ठाऊक होतं ते कुठेही गेलेलं नव्हतं. मी ते एकाच रस्त्याने आत नेलं होतं: एकट्या खोलीत, भिंतीसमोर, हात मोकळे ठेवून, पहिल्या वाक्यापासून. पडवीत यातलं काहीच नव्हतं. तिथे चेहरे होते, उकाडा होता, पदरात ओझं होतं. त्यात मी माझ्यावरच पहारा बसवला. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय कसा पडतो ते बघत उतरलं तर माणूस पडतंच. रोज न बघता उतरतोच की आपण. मी स्वतःच्या जिभेचा जिना बघत उतरत होते. आणि भीतीचा हिशेब ठेवायला जेवढं मन लागतं, तेवढं बोलायला कमी पडतं.

काकूने मला भाषण पुन्हा म्हणू दिलं नाही. तांदूळ निवडताना, वाती वळताना ती मध्येच काहीतरी विचारायची, मुद्दाम आडवं. “एकदम बंद केली तर पोर रडून जीव घेईल, मग आईने नोकरी सोडायची का?” मी उत्तर द्यायचे. कधी शेवटून सुरू करायला लावायची, कधी मधून. शेजारच्या विणकर साळ्याघरच्या दोघी सुताच्या कांड्या भरताभरता ऐकायला येऊन बसल्या. त्यांच्यासमोर पहिल्यांदा पुन्हा तोंड कोरडं पडलं. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. भीती गेली असं नाही. तिच्या बरोबरीने बोलता येतं एवढं कळलं. मोठा श्वास घेऊन धरून ठेवण्यापेक्षा तो सावकाश सोडला की आवाज खाली येतो, हेही कळलं.

तरी रविवारी बायका अंगणात शिरायला लागल्या तसे माझे हात पुन्हा गार पडले. त्या माझ्याकडे बघून आपसात हसत होत्या, की मला तसं वाटत होतं. मागच्या खोलीतली ती आली, बाळ मांडीवर घेऊन पुढेच बसली. सासू तिच्या शेजारी. आठवडाभरात बाळाचं तोंड आणखी लहान झालं होतं. अप्पांच्या सांगण्याचा काही उपयोग झाला नव्हता हे बघूनच कळत होतं.

कुणीतरी म्हणालं, “आज बोलनार का हो ताई?”

“नगा गं पोरीला तरास देऊ.”

“हरभरं धरू का मी तवर?”

हशा झाला. माझे कान पेटले. पळून आत जावं, कोठीच्या खोलीत दार लावावं असं इतकं वाटलं की पाय तसे वळलेही. काकूने ताम्हन घेऊन येऊन माझ्या पदरात ओंजळभर हरभरे घातले. तिने ते मुद्दाम केलं. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. तिने भुवई एवढीशी वर केली.

मी दोन्ही हातांनी पदर धरून उभी राहिले. ‘भगिनींनो’ म्हणायचं नाही हे मी ठरवलं होतं. पण त्याऐवजी काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं.  गेल्या रविवारच्या त्या दोघी मागच्या रांगेत कुजबुजल्या, आणि माझं लक्ष पुन्हा माझ्या जिभेकडे जायला लागलं. भ बरोबर येईल का? ण येईल का?

तेवढ्यात एक माशी त्या बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यावर बसली. आईने ती हाकलली. ती परत बसली, यावेळी पापणीवर. बाळाची पापणी हललीही नाही. मी बघत राहिले आणि जिभेचा विचार कुठे गेला ते मला कळलं नाही. आईनेही वर पाहिलं, मी काय बघतेय ते तिला दिसलं आणि तिचा चेहरा बदलला. गेल्या रविवारी मी तिला शंभरजणींच्या आडून जे सांगणार होते, ते आता तिच्या डोळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं, आणि बाकीच्या सगळ्या ऐकत होत्या.

मी श्वास सोडला. लाज होतीच. ती तशीच ठेवून मी म्हणाले, “गेल्या रविवारी मी घाबरले आणि अर्धंच बोलले. जे बोलले ते उलटं होतं. गोळीने बाळ झोपत नाही, त्याची शुद्ध हरपते. आता मला तुम्हीच सांगा, गोळी दिल्यावर कुणाकुणाचं बाळ दूध मागायचं विसरतं?”